संध्याकाळच्या डिग्रीसाठी कंपनीची एनओसी: अर्ज लिहिण्याआधी शिफ्टचा हिशोब

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत डिप्लोमा करून लागलेली हजारो मुलं काम करतात. मेंटेनन्स, क्वालिटी, टूलरूम या विभागांचा बराच भार त्यांच्यावर असतो. चार-पाच वर्षं झाली की त्यांना एक गोष्ट कळून चुकते. हातात कौशल्य आहे, मशीन कळते, पण ‘इंजिनिअर’ या पदाच्या जाहिरातीत बी. ई. किंवा बी. टेक. लिहिलेलं असतं आणि तिथे आपला अर्ज छाननीतच बाजूला पडतो. नोकरी सोडून तीन वर्षं कॉलेजात बसणं परवडणारं नसतं. घरी आईवडील आणि धाकटी भावंडं असतात, बहुतेकदा घराचा हप्ताही असतो.

या मुलांसाठी २०२३-२४ पासून एक दार उघडलं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, काही मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग कॉलेजांना नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्या चालवण्याची मुभा दिली. तास संध्याकाळी किंवा नोकरदाराला जमतील अशा वेळी होतात. डिप्लोमा झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे सहा सत्रं राहतात. अट अशी की किमान एक वर्षाची नियमित, पूर्णवेळ नोकरी हवी, ती नोंदणीकृत आस्थापनेत हवी आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून ठरलेल्या अंतराच्या आत हवं. प्रवेशाच्या कागदपत्रांत या सगळ्याबरोबर एक पत्र मागितलं जातं: मालकाचं ना हरकत पत्र. कारखान्यात त्याला सगळे एनओसीच म्हणतात.

पुणे परिसरातल्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षं काम केलं. एनओसीचे अर्ज माझ्या टेबलावर येत, आणि त्यातले बरेचसे नाकारले जाताना मी पाहिले. नाकारणारे अधिकारी शिक्षणाच्या विरोधात होते असं मला कधी दिसलं नाही. अर्जात नेमकं काय मागितलं आहे तेच त्यांना कळत नसे, आणि जे कळत नाही त्यावर सही करायला कुणी धजत नाही. म्हणून या एका पत्राबद्दल सविस्तर लिहितो.

आधी हे पत्र मागतात कशासाठी ते पाहू. पत्राने इंजिनिअरिंग करण्याची वाट आता नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ओडिशा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या खटल्यात निकाल दिला आणि काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर टाच आली. त्यात काही रद्द झाल्या, तर काही जुन्या पदवीधारकांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं गेलं. त्या पदवीच्या जोरावर बढती घेतलेल्या कितीतरी नोकरदारांची झोप तेव्हा उडाली. आता संध्याकाळची पदवी म्हणजे वर्गात बसून, प्रॅक्टिकल करून, हजेरी भरून मिळवलेली पदवी. आणि हजेरी आली की तिची गाठ थेट तुमच्या ड्युटीशी पडते. कॉलेजला खात्री हवी असते की हा माणूस खरोखर नोकरी करतो आणि त्याचा मालक त्याला वर्गात येण्यापासून अडवणार नाही. कंपनीला खात्री हवी असते की वर्गापायी लाइन बंद पडणार नाही. दोघांनाही हवं ते एकाच कागदावर मावलं पाहिजे.

सरकारी नोकरीत हा विचार फार जुना आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने फेब्रुवारी १९५५ मध्ये काढलेल्या ज्ञापनात म्हटलं आहे की कर्मचाऱ्याने फावल्या वेळात ज्ञान मिळवायला सर्वसाधारणपणे हरकत नाही, मात्र त्याने कामाची कार्यक्षमता घटू नये. पदवीच्या अभ्यासक्रमात ठरावीक वेळी हजर राहण्याचं आणि परीक्षेच्या दिवसांत कामावर नसण्याचं आगाऊ बंधन येतं, म्हणून गरज वाटेल तिथे खात्याने पूर्वपरवानगी घ्यायला सांगावं. परवानगी सहसा द्यावी, पण ती केव्हाही काढून घेता येईल अशी अट घालावी. खाजगी कंपनीला हे ज्ञापन लागू नाही. तरीही कंपनीच्या एचआरला पडणारे दोन्ही प्रश्न त्यात आलेले आहेत: ठरावीक वेळी हा माणूस कुठे असेल, आणि परीक्षेत कामाचं काय?

तुमच्या अर्जात या दोन प्रश्नांचं उत्तर हवं. ते उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

मेकॅनिकल डिप्लोमा झालेला एक तरुण चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. चार वर्षं कायम नोकरी झाली आहे. तीन शिफ्ट आठवड्याने फिरतात: पहिली सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२, तिसरी रात्री १२ ते सकाळी ७. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांप्रमाणे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कॉलेजचे तास सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ६.३० ते ९.३०. सत्रात शिकवण्याचे १५ आठवडे धरू, म्हणजे वर्गाचे दिवस ७५. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणजे किमान ५७ दिवस.

पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात अडचण नाही. साडेतीनला सुटला की जेवण, थोडी झोप आणि साडेसहाला वर्ग. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात वर्ग साडेनऊला संपतो, अकराच्या सुमारास कंपनीची बस पकडायची आणि बाराला कामावर उभं राहायचं. अंग दमतं, पण वेळ जमते. खरी अडचण दुसऱ्या शिफ्टची. वर्गाची वेळ पूर्णपणे ड्युटीत जाते. त्या आठवड्यात फक्त गुरुवारी सुट्टी असल्याने एक दिवस वर्ग मिळतो.

१५ आठवड्यांत ५ आठवडे दुसरी शिफ्ट येणार. उरलेल्या १० आठवड्यांचे ५० दिवस, अधिक दुसऱ्या शिफ्टमधले ५ गुरुवार, एकूण ५५. एकही दिवस आजारी न पडता, एकदाही बस न चुकता ५५ दिवस. लागतात ५७. म्हणजे एनओसी मिळूनही हा मुलगा परीक्षेला बसू शकणार नाही.

आता यातून काय मागायचं ते ठरतं. बहुतेक अर्जांत लिहिलेलं असतं, ‘मला दुसरी शिफ्ट देऊ नये.’ हे वाचताच शिफ्ट इनचार्ज म्हणतो, “सेकंडला मग कोण येणार?” आणि त्याचं बरोबर असतं. तीन वर्षं एक माणूस कायमचा दुसऱ्या शिफ्टमधून काढला तर ती शिफ्ट इतरांच्या वाट्याला जास्त येते. महिन्याभरात बाकीचे कुरकुर करतात आणि युनियनचा प्रतिनिधी केबिनमध्ये येऊन बसतो.

पण हिशोब नीट पाहिला तर एवढं मोठं काही लागतच नाही. दुसऱ्या शिफ्टच्या ५ आठवड्यांपैकी फक्त २ आठवडे अदलाबदल झाली की ८ दिवस वाढतात. ५५ चे ६३ होतात, हजेरी ८४ टक्के. वर ६ दिवसांची मोकळीक राहते, ताप आला किंवा ब्रेकडाउनमुळे थांबावं लागलं तरी निभावतं. म्हणजे सहा महिन्यांत दोन आठवड्यांची शिफ्ट बदली, तीही सहकाऱ्याच्या संमतीने, परतफेडीसह. ही मागणी कुठलाही शिफ्ट इनचार्ज ऐकून घेतो, कारण अशा बदल्या तो एरवी लग्नकार्यासाठीही करतोच.

परीक्षेचाही हिशोब करायचा. एका सत्रात ६ लेखी पेपर दिवसा आले तर वर्षाला १२ दिवस. कारखान्यात भरपगारी रजा साधारणपणे कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस साठते. वर्षात २८० दिवस कामावर असणाऱ्याच्या खात्यात १४ दिवस जमतात. १२ पेपर म्हणजे जवळजवळ सगळी पीएल परीक्षेला. तीन वर्षं गणपतीला गावी जाण्यासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी रजा उरणार नाही, हे घरी आधी बोलून घ्यावं. अर्जात मात्र हाच हिशोब तुमच्या बाजूने बोलतो: परीक्षेसाठी मी जास्तीची रजा मागत नाही, माझी साठलेली रजा वापरीन आणि वेळापत्रक लागताच कळवीन.

हा आकडा हातात आल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नये. आणि अर्ज थेट एचआरकडेही नेऊ नये. आधी सुपरवायझरशी बोलायचं, ज्याच्या शिफ्ट चार्टवर तुमचं नाव असतं त्याच्याशी. कारण एचआर पहिला फोन त्यालाच करतो. “याला सोडायला तुमची काही अडचण?” असं विचारल्यावर सुपरवायझरला तुमच्याकडून काहीच माहीत नसेल तर तो “बघतो” म्हणतो, आणि अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. त्याला आधी कागदावर १५ आठवड्यांचा चार्ट दाखवला, बदलीला कोण दोघं तयार आहेत ती नावं सांगितली, तर तोच विभागप्रमुखाकडे शब्द टाकतो. विभागप्रमुखाचा ‘शिफारस’ असा शेरा अर्जावर आला की एचआरचं अर्धं काम होतं.

इथे सर्वांत जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट सांगतो. एनओसी आणि शिफ्टची सोय या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या कागदांवर मागाव्यात. एनओसी हे कंपनीबाहेर जाणारं पत्र आहे. त्यात कंपनी फक्त एवढंच म्हणते की हा आमचा कर्मचारी आहे आणि ड्युटीच्या वेळेबाहेर त्याने हा अभ्यासक्रम केला तर आमची हरकत नाही. शिफ्टची अदलाबदल ही कंपनीतली आतली व्यवस्था आहे. बाहेर जाणाऱ्या पत्रात ‘कंपनी यांना संध्याकाळी मोकळं ठेवील’ असं लिहून द्या म्हटलं की ते कायदा विभागाकडे जातं, तिथून मुख्य कार्यालयाकडे, आणि प्रवेशाची मुदत संपते. उद्या दुसऱ्या कामगाराने तेच मागितलं तर काय, ही भीती तिथे रास्त असते. फीची मदतही याच अर्जात घुसवू नये. कंपनीची शिक्षणासाठी पैसे देण्याची योजना असली तर तिचा अर्ज वेगळा असतो, तिच्या अटी वेगळ्या असतात आणि बहुधा तिच्यासोबत काही वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड येतो. कंपनी फी भरत असेल तर बाँड मागणं समजण्यासारखं आहे. एक रुपयाही न देता केवळ एनओसीच्या बदल्यात बाँड मागितला तर मात्र सही करण्याआधी थांबावं, एखाद्या जाणत्या वकिलाला कागद दाखवावा.

अर्ज लांबलचक नको. घरची परिस्थिती, वडिलांचं स्वप्न, लहानपणापासूनची आवड यातलं काही लिहू नये. ते खरं असतं, पण सही करणाऱ्याच्या प्रश्नांना त्यातून उत्तर मिळत नाही. आपल्या उदाहरणातल्या तरुणाचा अर्ज साधारण असा होईल:

प्रति,
मा. विभागप्रमुख, देखभाल विभाग
प्रत: मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

विषय: बी. टेक. (मेकॅनिकल), नोकरदारांसाठीची तुकडी, या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी ना हरकत पत्र मिळण्याबाबत.

महोदय,
मी देखभाल विभागात चार वर्षांपासून कायम कर्मचारी म्हणून काम करत आहे. एआयसीटीईची मान्यता असलेल्या वरील अभ्यासक्रमाला मला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायचा आहे. अभ्यासक्रम सहा सत्रांचा असून तास सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ६.३० ते ९.३० असतात. संस्थेने प्रवेशासाठी नियोक्त्याचे ना हरकत पत्र मागितले आहे. संस्थेचा नमुना सोबत जोडला आहे.
मी ड्युटीच्या वेळेत वर्गाला जाणार नाही. परीक्षेसाठी माझ्या खात्यावरील रजा घेईन व तिची किमान एक महिना आधी सूचना देईन. फीचा संपूर्ण खर्च मी करीन. या पदवीच्या आधारे मी आपोआप पदोन्नतीचा किंवा वेतनवाढीचा हक्क सांगणार नाही.
तरी मला ना हरकत पत्र द्यावे, ही विनंती. प्रवेशाची कागदपत्रे सादर करण्याची शेवटची तारीख वर नमूद नमुन्यावर आहे.
आपला विश्वासू,
(सही, नाव, कर्मचारी क्रमांक, मोबाइल)

शिफ्ट बदलीचा चार्ट याच्यासोबत जोडायचा नाही. तो सुपरवायझरकडे वेगळा द्यायचा.

पदोन्नतीचा हक्क सांगणार नाही, हे वाक्य वाचून अनेकांना वाईट वाटतं. मग शिकायचं तरी कशाला, असं मुलं विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: ते वाक्य आपणहून लिहावं. ‘आपोआप’ हा शब्द त्यात महत्त्वाचा. पदवी मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशी ग्रेड बदला, असा दावा तुम्ही करणार नाही एवढंच त्यात आहे. पुढे जागा निघाली तर इतरांसारखा अर्ज करण्याचा तुमचा मार्ग त्याने बंद होत नाही. कंपनीची सर्वांत मोठी शंका हीच असते आणि ती एका वाक्यात मिटते.

आता कंपनीच्या पत्रात काय हवं. कॉलेजचा छापील नमुना असेल तर त्यातला एक शब्दही बदलू नये. तोच लेटरहेडवर टाइप करून घ्यावा. नमुना नसेल तर पत्रात इतकं यायलाच हवं: तुमचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसं, कर्मचारी क्रमांक, पद, रुजू झाल्याची तारीख, नोकरी नियमित व पूर्णवेळ आहे हा उल्लेख, कामाच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता, अभ्यासक्रमाचं नाव आणि हरकत नसल्याचं सरळ वाक्य. खाली तारीख, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा आणि कंपनीचा शिक्का. ते वाक्य असं असलं की पुरतं: ‘यांनी कामाच्या वेळेव्यतिरिक्त सदर अभ्यासक्रम पूर्ण करण्यास कंपनीची हरकत नाही.’

कामाच्या ठिकाणाचा पत्ता का, असा प्रश्न पडेल. कंपनीचं लेटरहेड बहुतेकदा मुंबईच्या नोंदणीकृत कार्यालयाचं असतं. प्रवेशाला अंतराची अट असते, आणि कागद तपासणारा लेटरहेडवरचा पत्ता पाहतो. चाकणला काम करणाऱ्या मुलाच्या पत्रावर फक्त नरिमन पॉइंटचा पत्ता असला तर तो अंतरात बसत नाही असं ठरतं. ही चूक फार सहज होते. म्हणून मजकुरात ‘कामाचे ठिकाण’ असा वेगळा उल्लेख करून घ्यावा.

पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचावं. ‘व्यवस्थापनाच्या अंतिम मंजुरीच्या अधीन राहून’ असे शब्द असतील तर ती एनओसी नाही, ती मंजुरी अजून बाकी असल्याची नोंद आहे, आणि कॉलेज ती परत करतं. ‘कामाची निकड असल्यास ड्युटीला प्राधान्य राहील’ किंवा ‘ही परवानगी मागे घेण्याचा अधिकार कंपनीला राहील’ अशी वाक्यं मात्र चालतात. १९५५ पासून सरकारही तसंच लिहून देत आलं आहे. सही ‘करिता’ म्हणून कुणी भलत्यानेच केली आहे का, तारीख राहिली आहे का, नावात ‘भ’चा ‘ब’ झाला आहे का, हेही पाहायचं. एकदा गेटबाहेर पडलं की दुरुस्तीला पुन्हा आठवडा जातो.

आता एक अवघड प्रश्न. आपला मालक नेमका कोण? हा प्रश्न चाकण-रांजणगावच्या निम्म्या तरुणांना लागू आहे. तुम्ही एका मोठ्या कंपनीच्या आवारात, तिचाच गणवेश घालून काम करता, पण पगार कंत्राटदार देतो. अशा वेळी मोठी कंपनी तिच्या लेटरहेडवर एनओसी कधीच देणार नाही, कारण तसं पत्र म्हणजे तुम्ही तिचे कर्मचारी असल्याचा पुरावा होऊ शकतो. एनओसी कंत्राटदाराचीच घ्यावी लागते. शंका असेल तर पीएफचं पासबुक उघडावं. तिथे ज्या आस्थापनेचं नाव आहे, तिचीच एनओसी चालते, कारण कॉलेजात जोडल्या जाणाऱ्या पगारपत्रकावर आणि पीएफच्या नोंदीवरही तेच नाव असणार. एनओसीवर एक नाव आणि पगारपत्रकावर दुसरं, असं झालं की अर्ज तिथेच थांबतो. कंत्राट दरवर्षी बदलून कंत्राटदारही बदलत असेल तर प्रत्येक बदलाच्या वेळी नवं पत्र लागेल, हे धरून चालावं.

अप्रेंटिस किंवा ट्रेनी म्हणून गेलेला काळही नीट मोजावा. तिथे मिळतं ते विद्यावेतन, आणि ती वर्षं नियमित पूर्णवेळ नोकरीत धरली जाण्याची आशा ठेवू नये. दोन वर्षं ट्रेनी आणि आठ महिने कायम अशा मुलाने घाई करून एनओसी मागण्यापेक्षा वर्ष पूर्ण होऊ द्यावं. एचआरने मनाने चांगलं म्हणून ‘तीन वर्षांपासून कार्यरत’ असं मोघम लिहून दिलं तरी नेमणुकीचं पत्र आणि पगारपत्रकं खरं सांगतात.

कंपनीने नाही म्हटलं तर? खाजगी नोकरीत एनओसी मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क नाही, हे मान्य करून पुढे जायला हवं. पण नकाराचं कारण विचारता येतं, आणि विचारावं. शिफ्ट हे कारण असेल तर तो सोडवता येणारा प्रश्न आहे. हजेरीचा चार्ट घेऊन विभागप्रमुखाला भेटावं. सध्या विभागात माणसं कमी आहेत हे कारण असेल तर पुढच्या वर्षासाठी आजच लेखी अर्ज देऊन ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तुमचा नंबर आधी असतो. ‘अशी पद्धत नाही’ हे कारण असेल तर आधी कुणाला मिळाली होती ते शोधावं. युनियन असलेल्या कारखान्यात प्रतिनिधीला सोबत घ्यायला हरकत नाही, पण पहिल्याच भेटीत नको.

न सांगता प्रवेश घ्यायचा विचार मात्र सोडून द्यावा. नेमणुकीच्या पत्राची मागची पानं वाचा. अनेक कंपन्यांच्या पत्रांत पूर्वपरवानगीशिवाय कोणताही अभ्यासक्रम करू नये असं कलम असतं. कुणाकडून तरी बनावट पत्र आणून प्रवेश घेणाऱ्याची नोकरी आणि पदवी दोन्ही एका तपासणीत जाऊ शकतात. आणि समजा हे काहीच झालं नाही, तरी पदवी मिळाल्यावर ती सर्व्हिस रेकॉर्डला लावायला जाल तेव्हा पहिला प्रश्न येतो: परवानगी कधी घेतली होती? सरकारी खात्यांत आणि सार्वजनिक कंपन्यांत या प्रश्नावर मिळवलेली पदवी वर्षानुवर्षं नोंदीशिवाय पडून राहते. रात्र रात्र जागून मिळवलेली पदवी एका न मागितलेल्या पत्रामुळे कपाटात राहावी, याचं मला फार वाईट वाटतं.

एनओसी मिळाल्यावरही तिचं काम संपत नाही. सहा सत्रांत बरंच बदलतं. नवा विभागप्रमुख येतो आणि त्याला जुन्या बोलीची कल्पना नसते. शिफ्ट बदली तोंडी ठरली असेल तर ती त्याच्याबरोबर संपते. म्हणून सुपरवायझरशी ठरलेलं एका साध्या ईमेलने लिहून ठेवावं. बदली दुसऱ्या प्लांटला झाली तर अंतराची अट पुन्हा तपासावी लागते. नोकरी बदलली तर नव्या कंपनीची एनओसी लागते, आणि ती नव्या नोकरीचं पत्र स्वीकारण्याआधी बोलून घ्यायची असते, कारण रुजू झाल्यावर तुमच्या शब्दाला तेवढं वजन राहत नाही.

वेळेबद्दल शेवटचं. डिप्लोमानंतरच्या थेट दुसऱ्या वर्षाची प्रवेशप्रक्रिया पावसाळ्यात चालते आणि कागदपत्रांना मिळणारी मुदत थोड्या दिवसांची असते. त्या दिवसांत सही करणारे साहेब ऑडिटला गेलेले किंवा परदेशी असतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्यावर विसंबू नका असंच सांगेन. पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा असेल तर एप्रिलमध्ये कॉलेजात जाऊन एनओसीचा नमुना आणि तासांचं वेळापत्रक घ्या, तुमच्या कंपनीच्या शिफ्टवर हजेरीचा हिशोब मांडा आणि मे संपण्याआधी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाला’ असा शिक्का, तारीख आणि सही घ्यायला विसरू नका.